रात्रीच्या फोटोतलं काळं जनावर: अस्वल की रानडुक्कर?

प्रश्न: काल रात्री बुलढाणा-खामगाव रोडला बोथा घाटात गाडीतून मोबाईलवर फोटो काढला. ब्लर आलाय. रस्त्याच्या कडेला मान खाली घातलेलं काळं, जाड जनावर आहे. ग्रुपवर सगळे रानडुक्कर म्हणतायत, एकजण गव्याचं पिल्लू म्हणतोय, मला अस्वल वाटतंय. नक्की कशावरून ठरवायचं?

उत्तर:

फोटो बघितला, माझ्या मते अस्वलच आहे, पण कशावरून ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी ग्रुपवर तुम्हालाच भांडता येईल. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो आणि तिथे अस्वलं आहेत हे खरं, पण रानडुकरंही भरपूर आहेत, त्यामुळे नुसत्या जागेवरून काही ठरत नाही.

आधी फोटो एडिटमध्ये घ्या, ब्राइटनेसला हात लावू नका, फक्त शॅडो वाढवा आणि मग अंगाकडे न बघता तोंडाकडे बघा. आपल्याकडच्या अस्वलाचं तोंड लांबट असतं आणि त्यावर केस अगदी आखूड, त्यामुळे डोळ्यांच्या खालपासून नाकापर्यंतचा भाग मळकट पांढरा किंवा राखाडी दिसतो. बाकी सगळं अंग काळं कुळकुळीत आणि केसाळ, म्हणून हेडलाइटच्या उजेडात तोंडच सगळ्यात आधी उजळतं. तुमच्या फोटोत जमिनीलगत जो फिकट डाग आहे ना, ज्याला कोणीतरी दगड म्हणालंय, ते तोंड आहे. झूम करून बघा, त्या डागाच्या वरची कड काळ्या केसांत मिसळत जाते, दगड असता तर कड सरळ तुटली असती. रानडुकराचं तोंडही लांबच असतं, पण रंग अंगासारखाच काळपट, पुढे निमुळतं होत जातं आणि टोकाला चपटी चकती, ज्यात दोन नाकपुड्या दिसतात. गालावर कधीकधी पांढुरके केस असतात त्यावर फसू नका, ते गालाच्या पट्ट्यात असतात, सगळं तोंड फिकं नसतं.

अस्वलाचं तोंड असं का, तर ते मुख्यतः वाळवी-मुंग्यांवर जगतं. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसतातच, ओठ पुढे काढता येतात, नाकपुड्या बंद करता येतात, वारुळात तोंड घालून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं. नखंही त्याच कामासाठी लांब झालेली असतात. हे लक्षात ठेवलं की तोंड आणि पंजा दोन्ही एकदम आठवतात.

आता नखं, आणि माझ्या मते छातीच्या खुणेपेक्षा नखं जास्त भरवशाची, फक्त गवत नको. पुढच्या पंजाची नखं ७-८ सेंमी सहज असतात, फिकट हस्तिदंती रंगाची, आणि मांजरवर्गासारखी आत ओढली जात नाहीत, कायम बाहेर. तुमच्या फोटोत पुढच्या पायाखाली तीन-चार फिकट रेघा दिसतायत, कंगव्याच्या दातांसारख्या, त्या नखांच्या आहेत. तिथेच पायही बघा. अस्वलाचा पाय खाली येताना बारीक होत नाही, केसाळ खांबासारखा तसाच उतरतो आणि पुढचा पंजा जरा आत वळलेला असतो. डुकराचा पाय खाली बारीक होत जातो आणि छोट्या खुरावर संपतो, अंगाच्या मानाने पाय काडीसारखे वाटतात. ग्रुपवरच्या लोकांनी फक्त पायांकडे बघितलं असतं तरी वाद मिटला असता. आणि कोणी सुळ्यांचा विषय काढला तर सांगा, सुळा तोंडाच्या बाजूने वर वळतो, तो जमिनीवर येत नाही.

छातीवरची खूण मात्र सगळ्यांना आठवते आणि त्यातच लोक फसतात. इंग्रजी व्ही, यू किंवा वाय अक्षरासारखी मळकट पांढरी खूण असते खरी, पण दिसते जनावर समोरून असेल किंवा दोन पायांवर उभं राहिलं तर. तुमचा फोटो बाजूने आहे, मान खाली आहे, वर खांद्यावरचे लांब केस पुढे आलेले, म्हणजे खूण झाकलेलीच असणार. खूण दिसत नाही म्हणून अस्वल नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक. उलटंही खरं, छातीवर पांढरा ठिपका असलेली काळी गावठी कुत्री आपल्याकडे खंडीभर आहेत, अंधारात ती समोरून भलतीच मोठी वाटतात. तिथे शेपूट बघायची, अस्वलाची आखूड असते आणि केसांतच लपून जाते.

गव्याचं पिल्लू हा अंदाज का आला समजलं नाही, कारण गव्याची पिल्लं काळी नसतात, तांबूस-तपकिरी असतात, काळा होतो तो मोठा नर. आणि मोठा गवा असता तर गुडघ्याखालचे पांढुरके पाय आधी दिसले असते, मोजे घातल्यासारखे, शिवाय उंचीही जुळत नाही. अस्वल खांद्यापाशी साधारण ६० ते ९० सेंमी, गवा नर त्याच्या दुप्पट. तुमच्या फोटोत मागे रस्त्याचा दगड आहे, जनावराची पाठ त्याच्या जवळपासच आहे, अर्थात दगड थोडा मागे असेल तर अंदाज चुकतो म्हणून उंचीवर फार जोर देत नाही.

मान खाली असण्याबद्दल, दोघंही जमीन उकरतात, पण डुक्कर नाकाने उकरतं, पाय जागेवर राहतात आणि माती पसरट उलटली जाते. अस्वल पुढच्या पंजांनी खणतं आणि नाक खड्ड्यात घालतं. दिवसा त्या बाजूने गेलात तर गाडीतूनच बघा, वारूळ फोडलेलं किंवा अरुंद, खोल खड्डा असेल तर अस्वल. ओल्या मातीत ठसा मिळाला तर आणखी चांगलं, पुढच्या पंजाची पाच बोटं जवळजवळ एका ओळीत आणि त्यांच्या बऱ्याच पुढे नखांची टोकं टोचलेली दिसतात. डुकराचे खूर असतात, त्यामुळे दोन फाकांचा ठसा. पण यासाठी खाली उतरायचं नाही, अस्वल अचानक समोरासमोर आलं की पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, आणि पिल्लं पाठीवर असतील तर जास्तच.

अजून एक, तुमच्या ग्रुपवर काल जो दुसरा फोटो फिरत होता, गोल मोठे कान, गुळगुळीत काळं अंग, छातीवर चंद्रकोर, तो बोथा घाटातला नाही. ते हिमालयातलं काळं अस्वल आहे, त्याचं तोंड आखूड तपकिरी आणि नखं आखूड, गडद असतात. महाराष्ट्रात ते रानात नाहीच, आपल्याकडे एकच जातीचं अस्वल आहे.

तुमच्या फोटोबद्दल माझी खात्री तोंड आणि नखं दोन्ही जुळतात म्हणून आहे. फक्त फिकट डाग असता आणि पाय गवतात असते तर मी ‘बहुतेक’ म्हणालो असतो. गॅलरीत त्याच्या आधीचा-नंतरचा फोटो असेल तर तोही टाका, चालताना मागून काढलेला असेल तरी चालेल. आणि रस्त्यालगत परत दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा, त्या घाटातून रात्री दुचाकीवाले जातात.