चावीचं घड्याळ दुरुस्तीला देताना पार्ट बदलले जाऊ नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न: "बाबांचं एचएमटी जनता बंद पडलंय. दुकानदार म्हणतो ठेवून जा, बघतो. आतले पार्ट काढून घेतले, बिल वाढवून लावलं तर कळणार कसं?"

तसंच ठेवून जाऊ नका. आधी मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि मोबाईलवर मशीनचा जवळून फोटो काढा, त्यात कोरलेला नंबर, बॅलन्सचं म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक आणि स्क्रूंची डोकी स्पष्ट दिसली पाहिजेत. डायल, काटे आणि चावीचेही फोटो घ्या. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ च्या सुमारास बंदच झाला, त्यामुळे पार्ट बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच येतात, म्हणूनच चांगल्या मशीनवर डोळा असतो.

मग एस्टिमेट पावतीवर सुटं सुटं लिहून घ्या. सर्व्हिस म्हणजे मशीन पूर्ण खोलून धुणं, तेल घालणं आणि टाइम लावणं, ही एक ओळ. प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीत, रकमेसकट. खाली दोन वाक्यं लिहायला लावा: "जास्तीचं काम विचारल्याशिवाय करायचं नाही" आणि "काढलेले जुने पार्ट परत द्यायचे". दुसऱ्या वाक्याला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे मी घड्याळ देत नाही.

माझ्या काकांच्या घड्याळाला एका दुकानात सर्व्हिस ६००, बॅलन्स सेट ९०० आणि मेन स्प्रिंग ३५०, असे १८५० सांगितले होते. पण चावी भरताना शेवटी घट्ट लागत होती, म्हणजे स्प्रिंग तुटलेली नव्हती (तुटली की चावी बहुतेक नुसतीच फिरत राहते). घड्याळ हलवलं की बॅलन्स सरळ, मोकळा झुलून हळूहळू थांबायचा, बॅलन्सचा दांडा मोडला असता तर चाक तिरकं बसलं असतं, कुठेतरी घासलं असतं. अशा वेळी बहुधा तेल सुकलेलं असतं. दुसरीकडे फक्त सर्व्हिस केली आणि चालू झालं, बाराशे पन्नास वाचले.

हे काही शंभर टक्के नाही हां, स्प्रिंग न तुटताही ढिली पडलेली असू शकते, ते उघडल्यावरच कळतं. म्हणून तर जुनी स्प्रिंग परत मागायची. चांगली स्प्रिंग बाहेर काढली की मोकळी होऊन पसरते, थकलेली गुंडाळी करूनच पडून राहते, तुम्हालाही दिसेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देणार असाल तर हे आधीच विचारा, काही ठिकाणी जुना पार्ट जमा करून घेतात.

आणि डायल रंगवू नका, केस पॉलिश करू नका, हेही पावतीवर लिहा, नाहीतर "साफ केलं" म्हणून त्याचेही पैसे लावतात. घड्याळ घेताना पैसे देण्याआधी पुन्हा झाकण उघडून घ्या आणि नंबर, बॅलन्स, स्क्रू पहिल्या फोटोशी ताडून बघा.