ट्रान्सक्रिप्टमध्ये नावं नाहीत आणि सगळ्या एकदम बोलताहेत. कोण काय बोललं हे कसं ठरवायचं?

*एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी सात जणींची गटचर्चा रेकॉर्ड केली होती. बाहेरून टाइप करून घेतली, तर नुसत्या ओळी आल्या, नावं नाहीत. पुढच्या आठवड्यात द्यायचंय. अंदाजाने नावं टाकली तर चालेल का?*

नाही चालणार. अंदाजाने टाकलेलं नाव आणि खात्रीने टाकलेलं नाव कागदावर अगदी सारखं दिसतं, गोम तिथेच आहे. मी बारा वर्षं गटचर्चा ऐकून उतरवायचं काम करते. याच मुद्द्यावरून एका प्रकल्प समन्वयकांशी माझं जे वाजलं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हा उत्तर लांबणार.

कोल्हापूरकडच्या कागल तालुक्यातल्या एका गावातली, पिण्याच्या पाण्यावरची चर्चा होती. सोप्यात सात बायका बसलेल्या, जागांना एक ते सात नंबर दिलेले. रेकॉर्डर मध्ये न ठेवता एक नंबरच्या आजींजवळ पाटावर ठेवला होता, कारण त्यांचा आवाज बारीक. पाच आणि सहा नंबरला एकाच घरातल्या दोघी जावा, पार दाराकडे, रेकॉर्डरपासून सगळ्यांत लांब. मी गावात गेले नव्हते. माझ्याकडे फक्त रेकॉर्डिंग, वहीतलं बसण्याचं चित्र आणि पुण्यातल्या एका टायपिस्टने केलेली बिननावांची प्रत, म्हणजे तुमच्याकडे आलीये तशीच. बेचाळिसाव्या मिनिटाला तेरा सेकंद चार जणी एकदम बोलतात. प्रतीत ते असं होतं:

```
पाणी येतंय कुठं
येतंय की, पहाटे
मी जातो की पाचला
अगं तू कशाला जातीस, पोरगी हाय की
आमच्यात न्हाई पाठवत पोरीला
बसून खातीस, पाणी काय तुझा बा आणणार
हां हां
```

ऑफिसात कोणीतरी पेन्सिलीने नावं लावून ठेवली होती. तिसरी ओळ सरपंचांच्या पुतण्याला, कारण तो दारात उभा होता आणि 'जातो' म्हणजे पुरुष. सहावी ओळ आजींना, कारण असलं टाकून बोलणं म्हातारी सासूच बोलणार.

तिसऱ्या ओळीला मी हसले. माझी आई कोल्हापूरची. तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, आणि तसं बोलणाऱ्या बाईकडे कोणी वळूनही बघत नाही. शिवाय पुढचीच ओळ 'अगं' म्हणून तिला उत्तर देतेय. पुतण्याला कोण 'अगं' म्हणेल? मराठीत हा मोठा फायदा आहे. अगं, अरे, अहो, वहिनी, आत्ती हे शब्द बोलणारीचं नाव सांगत नाहीत, पण ऐकणारी कोण ते बऱ्यापैकी सांगतात, आणि जिला हाक मारली ती त्या ओळीची बोलणारी नाही एवढं पक्कं होतं. 'आपण' आणि 'आम्ही'चंही तसंच. समोरच्याला वगळल्याशिवाय 'आम्ही' म्हणता येत नाही. पाचव्या ओळीतलं 'आमच्यात' म्हणजे चौथ्या ओळीवालीच्या घरातलं नव्हे.

पण व्याकरणाचा हा वापर फक्त वगळण्यासाठी करा. 'अमकी नाही' एवढंच त्यातून निघतं, 'तमकीच' कधी निघत नाही. ते आवाजावरून ठरवायचं. मजकुरावरून माणूस ठरवायला गेलात की तक्रार दिसली की तक्रारखोर बाईच्या नावावर जाते, समजूतदार वाक्य शिकलेलीच्या नावावर जातं, आणि मग विश्लेषणात तुम्हाला 'आढळतं' की शिकलेल्या बायका समजूतदार असतात. अहो, तुम्हीच वाटून दिलंत की ते.

आता सहावी ओळ. हेडफोन लावून ती तेरा सेकंदं मी चाळीस वेळा तरी ऐकली असेन. माझी पद्धत अशी की एका फेरीला एकच आवाज धरायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. पहिल्या फेरीत आजींना धरलं. त्या रेकॉर्डरला खेटून असल्याने त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. प्रतीत शेवटी टाइप केलेलं 'हां हां' त्यांचं होतं, आणि ते शेवटी नव्हतंच. ते सहाव्या ओळीच्या सुरुवातीवरच पडलं होतं. टाइप करताना ओळी एकाखाली एक जातात, त्यामुळे एकाच वेळी निघालेलं बोलणं एकामागून एक झाल्यासारखं दिसतं. आजी त्या क्षणी 'हां हां' म्हणत असतील, तर त्याच क्षणी ती ओळ सुरू करणाऱ्या त्या कशा? तोंड एकच आहे. लोक आवाज आवाजावर आले की रडतात, पण कोण बोललं नाही याचा इतका सरळ पुरावा एकेकट्या बोलण्यात मिळत नाही.

दुसऱ्या फेरीत त्या 'हां हां'च्या खाली काय दबलंय ते शोधलं. वेग सत्तर टक्क्यांवर आणून दोन सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवला, तेव्हा पुसटसं 'आत्ती म्हणत्यात' लागलं. आत्ती म्हणजे तिकडे सासू. म्हणजे ते वाक्य कोणाचं मतच नव्हतं. एक सून आपल्या सासूची नक्कल करून सांगत होती. तिने आवाज चिरका केला म्हणून टायपिस्टला तो नवा माणूस वाटला, आणि नक्कल असल्याचं सांगणारे दोन शब्द नेमके आजींच्या होकाराखाली गेले. बायकांच्या चर्चेत हे सर्रास होतं: सासू, नवरा, ग्रामसेवक, सगळ्यांच्या नकला होतात. पण नक्कल करणारी आवाज बदलू शकते, बसायची जागा बदलू शकत नाही. त्या वाक्याचा लांबून आल्यासारखा घुमारा पाचव्या ओळीच्या घुमाऱ्यासारखाच होता. म्हणजे दाराकडची जागा. म्हणजे दोघी जावांपैकी एक.

कोणती? ते मला लागलं नाही. आवाज मुद्दाम बदललेला, अंतर सारखं, आणि सासू दोघींची एकच, त्यामुळे 'आत्ती'ही दोघी म्हणणार. मी लिहिलं: '५ किंवा ६, सासूची नक्कल, सुरुवात दबलेली'.

इथे समन्वयक साहेब आडवे आले. प्रत्येक ओळीला एकच कोड पाहिजे, सॉफ्टवेअर 'किंवा' घेत नाही, आणि 'तुम्ही एका ओळीवर दोन तास घालवता, तिकडे सतरा चर्चा पडल्यात'. दोन तास घातले हे खरं होतं. पण माझी टीप पुसून त्यांनी पेन्सिलीचं नाव पक्कं केलं. अहवालात 'सत्तरीतल्या एका सहभागी महिलेच्या मते' म्हणून ते वाक्य अवतरणात गेलं. पुढे गावात मराठी गोषवारा वाचून दाखवला. त्या चर्चेला सत्तरीतली एकच बाई होती हे अख्ख्या गावाला माहीत. आजी उठून म्हणाल्या, "मला सून कुठाय रं?" दोन मुली, दोघी नांदायला गेलेल्या. हे त्यांनी रेकॉर्डिंगच्या आठव्या मिनिटाला स्वतःच सांगितलंय. आधीची चाळीस मिनिटं कोणी नीट ऐकली असती तरी ते नाव कटलं असतं.

आणि हो, सॉफ्टवेअर 'किंवा' घेतं. 'अनिश्चित' नावाची आठवी सहभागी तयार करायची, संपलं. तेव्हा मला हे सुचलं नाही, याचा राग वेगळाच.

तुमच्यासाठी आता. टाइप केलेली प्रत बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंगवर या. ईलान नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक भाषा-मानसशास्त्र संस्थेचं. त्यात प्रत्येक बोलणारीला आपली वेगळी पट्टी मिळते आणि पट्ट्या वेळेनुसार एकाखाली एक दिसतात, त्यामुळे आवाजावर आलेला आवाज कागदावरही आवाजावरच राहतो. वर्डमध्येच काम करायचं असेल तर प्रत्येक ओळीपुढे सुरू झाल्याची वेळ टाका आणि जिथे दुसरी मध्ये घुसते तिथे दोन्ही ओळींत चौकोनी कंस उघडा. ही संभाषणांचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांच्या पद्धतीतली खूण आहे:

```
42:17  ५/६  [आत्ती म्हणत्यात] बसून खातीस
42:17  १    [हां हां]
```

सुरुवातीला खरी नावं लावू नका. आवाज क, आवाज ख असं लिहीत जा. जिथे एखादी एकटीच, सलग आठ-दहा सेकंद बोलते असा तुकडा प्रत्येकीचा कापून वेगळा ठेवा. शंका आली की तिचा तुकडा वाजवायचा आणि लगेच शंकेची जागा वाजवायची. आठवणीतल्या आवाजाशी तुलना करू नका, अर्ध्या तासात कान फसतो. सगळं झाल्यावर 'क' म्हणजे कोण ते ठरवा. चर्चेच्या सुरुवातीला ओळखी करून घेतल्या असतील तर तेवढ्यावरच निम्मं काम होतं. 'हां', 'व्हय', 'न्हाई तर काय' असले होकार मात्र जमेल तिथेच नावावर लावा. एका अक्षरावरून आवाज ओळखल्याचा दावा करणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

शेवटी कोणाकडून तरी, शक्यतो त्याच भागातल्या माणसाकडून, गोंधळाची पाच मिनिटं तुमची नावं न दाखवता लावून घ्या. जिथे दोघांचं जमत नाही तिथे 'अनिश्चित'. भांडून एकमत करू नका.

थोडं मागे घेते. पुरुष कोण बाई कोण एवढंच लागत असेल तर इतका घोळ घालायची गरज नाही, बहुतेक वेळा सहज कळतं. फोन गोलाच्या बरोबर मध्ये ठेवला असेल तर अंतराची युक्ती तुम्हाला जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि अचूक नाव लागलं म्हणजे ते छापायचं असंही नाही. त्या सहाव्या ओळीला मी 'सून, वय अमुक' असं नेमकं लावू शकले असते आणि ते तसं गावात वाचलं गेलं असतं, तर त्या पोरीचं घरी काय झालं असतं? मूळ प्रतीत खरं लावा, प्रबंधात 'एक सहभागी' म्हणा.

चर्चेच्या वेळी सोबत कोणी नोंदी घ्यायला होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर आजच फोन करा आणि कोण कुठे बसलं होतं त्याचं चित्र काढून घ्या. आमच्या त्या वहीतलं चित्र चहाच्या कपाखाली भिजून तीन नंबरची जागा पुसली गेली होती. साहेबांनी तिथेही एक नाव भरून टाकलं होतं.