पॉइंट सारखे, तरी एकच फेज गरम: आमच्या ऑफिसचा अनुभव

प्रश्न: नागपूरला तीन मजल्यांचं छोटं ऑफिस आहे, थ्री फेज कनेक्शन. लाइट, पंखे, सॉकेट तिन्ही फेजवर सारखे वाटलेत असं इलेक्ट्रिशियन सांगतो. तरी मे महिन्यात दुपारी आर फेजचा एमसीबी पडतो आणि मधूनच दिवे फडफडतात. मोठा एमसीबी बसवू का?

उत्तर: मोठा एमसीबी बसवू नका. तो वायरला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला तर पडणं थांबेल आणि वायर तापत राहील. दिवे फडफडतात हे मला जास्त गंभीर वाटतं, त्याकडे पुढे येतो. मी परवानाधारक वायरमन नाही, ऑफिसची देखभाल पाहणारा माणूस आहे. त्यामुळे डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडायचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. त्याला काय विचारायचं, एवढं मी सांगू शकतो.

आमच्याकडेही असंच होतं. ठेकेदाराने एकेका मजल्याला एकेक फेज दिला होता. विचारलं की एकच उत्तर, "भाऊ, पॉइंट तर सारखेच टाकून दिले ना." पॉइंट खरंच सारखे होते, पण पॉइंट करंट खात नाही, त्याला काय लावलंय ते खातं. वीस वॅटची एलईडी ट्यूब हा एक पॉइंट, दीड हजार वॅटची किटली लावलेलं सॉकेट हाही एकच पॉइंट. त्यात नागपूरचा उन्हाळा. वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडक्यांना कुलर लागतात आणि एप्रिल ते जून दिवसभर चालतात. डिसेंबरात केलेली वाटणी मेमध्ये टिकत नाही ती यामुळे.

म्हणून लोड मोजायचा तो मेमध्ये, दुपारी तीन-चारच्या सुमारास, सगळं चालू असताना. टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती पकडून करंट मोजायचा चिमटा, तिन्ही फेजच्या वायरवर एकेक करून लावायचा आणि न्यूट्रलवरही लावायचा. न्यूट्रल बहुतेक जण सोडून देतात. आमचे आकडे आले आर ३०, वाय १४, बी १० अँपिअर. तिन्ही फेज एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असल्यामुळे न्यूट्रलचा आकडा साध्या बेरीज-वजाबाकीने निघत नाही. नीट हिशोब केला तर या तीन आकड्यांना न्यूट्रलमधून सुमारे १८ अँपिअर वाहतात.

एमसीबी का पडतो तेही यातच आहे. घरगुती आणि ऑफिसच्या एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमानाला धरलेलं असतं. गच्चीखालच्या मजल्यावरचा बंद डीबी मेमध्ये त्याहून कितीतरी गरम असतो. तिथे ३२ अँपिअरच्या एमसीबीवर ३० अँपिअर तासन्‌तास वाहिले तर तो पडू शकतो. म्हणजे तुमचा एमसीबी बहुधा खराब नाही.

आता फडफडणाऱ्या दिव्यांबद्दल. आमचेही दिवे असेच फडफडायचे आणि त्याचं कारण मीटर रूममधल्या मेन स्विचमध्ये होतं. न्यूट्रलची वायर ज्या टोकाने बोल्टला बसते तो लग सैल होता, वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं जाळीतूनही दिसायचं. मीटर रूमची किल्ली ज्या कार्यालयाकडे होती त्यांना आम्ही शटडाउन मागत राहिलो. आधी अर्ज द्या, मग साहेब नाहीत, मग "तुमच्या डीबीत बघा, आमच्याकडे सगळं ठीक आहे." कुणी झाकण उघडून पाहिलं नाही. पाना घेऊन एक बोल्ट कसायचा होता, आणि तेवढ्यासाठी लोक फायली हलवत बसले. आजही आठवलं की संताप येतो. शेवटी भर दुपारी तो न्यूट्रल सुटला. बी फेजवरच्या संगणकांचे पॉवर सप्लाय, इंटरनेटचा राउटर, एलईडीचे ड्रायव्हर सगळे गेले.

कमी लोडच्या फेजवरच्या वस्तू का जळल्या, हे समजून घ्या. न्यूट्रल सुटला की तीन फेजचे लोड एकमेकांच्या मागे जोडल्यासारखे होतात आणि व्होल्टेजची वाटणी लोड ठरवतो. आमचे आकडे साधे रेझिस्टन्स मानून घातले तर आर फेजवर सुमारे १५४ व्होल्ट राहतात, वायवर २६६ आणि बीवर २८७. खरी उपकरणं अगदी अशी वागत नाहीत, पण दिशा हीच. लोड सारखा वाटलेला असता तर हाच न्यूट्रल सुटूनही तिन्ही फेज २३० च्या आसपास राहिले असते. माझ्या मते छोट्या ऑफिसात लोड वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. वीजबिल कमी होईल म्हणून वाटत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका.

वाटणी आम्ही खोलीनिहाय केली. एका खोलीत, एका स्विचबोर्डात दोन फेज येऊ देऊ नका, दोघांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. म्हणून वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली दिवे, पंखे, कुलर सगळ्यासकट (४ अँपिअर) वायवर गेली. पँट्री (किटली चालू असताना ७ अँपिअर) बीवर गेली. झाले १९, १८, १७. किटली बंद असली की बी पुन्हा १० वर येतो, ते चालतं. अधूनमधून चालणाऱ्या वस्तूंच्या मागे धावू नका, दिवसभर चालणारा लोड सारखा करा. पंप थ्री फेज असेल तर तो तिन्हींतून सारखाच घेतो, त्याला या हिशोबात धरू नका.

वायरमनला एक गोष्ट मात्र बजावून सांगा: फेज हलवताना त्या सर्किटचा न्यूट्रल कुठे जातो ते आधी शोध. आरसीसीबी म्हणजे जाणारा आणि परतणारा करंट सारखा नसला की पडणारा स्विच. प्रत्येक फेजला वेगळा आरसीसीबी असेल तर न्यूट्रलही नव्या आरसीसीबीच्या बारवर न्यावा लागतो, नाहीतर लोड लागताच दोन्ही पडतील. आणि जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांना एकच न्यूट्रल ओढलेला असतो. ती दोन्ही वेगळ्या फेजवर असेपर्यंत निभावतं. तुम्ही ती एका फेजवर आणली की त्या एका वायरमध्ये दोघांचा करंट पुरता बेरजेने जातो आणि न्यूट्रलवर एमसीबी नसल्यामुळे काहीच पडत नाही, वायर भिंतीत तापत राहते. असं सापडलं तर आधी वेगळा न्यूट्रल ओढा.

वाटणीनंतर आमच्या न्यूट्रलमध्ये हिशोबाने दोन अँपिअरही नको होते, टाँग टेस्टरने ७ दाखवले. घाबरू नका. एलईडी आणि संगणकांचा करंट गुळगुळीत लहरीसारखा नसतो. त्यातला १५० हर्ट्‌झचा भाग तिन्ही फेजमधून एकाच वेळी येतो आणि न्यूट्रलमध्ये कटण्याऐवजी बेरीज होतो. म्हणून कुणी "लोड बॅलन्स आहे, न्यूट्रल बारीक चालेल" म्हणालं तर ऐकू नका, तो फेजइतकाच जाड हवा.

तुम्ही आधी मेनचा न्यूट्रल तपासून घ्या, वाटणी नंतर. शटडाउन लेखी मागा आणि पोच घ्या. काम झाल्यावर सगळे एमसीबी बंद ठेवून मेन चालू करायला सांगा. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसले की थोडा लोड लावून पुन्हा मोजा, कारण लग सैल असेल तर तो लोडवरच उघडा पडतो. मगच संगणकांचे एमसीबी वर करा, आणि कोणती खोली कोणत्या फेजवर आहे ते डीबीच्या दाराच्या आतून लिहून चिकटवा.