नळी कमी वेळा घातली तर इन्फेक्शन कमी होईल का?

«माझं वय ५२. डायबेटिसमुळे लघवी पूर्ण सुटत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला सांगितलंय. पण पावसाळ्यात दोनदा इन्फेक्शन झालं. बाहेरची वस्तू आत जाते म्हणजे जंतूही जाणारच. म्हणून मी आता दोनदाच घालते, आणि पाणीही कमी पिते. चार वेळाचा हट्ट का करायचा?»

हे विचारणाऱ्या बाई गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवतात. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही तेच म्हणते. त्यांची शंका भाबडी नव्हती. नळी आत जाताना थोडे जंतू आत जातात, हे खरंच आहे. गफलत पुढच्या पायरीवर होते. आत गेलेले जंतू तिथे किती वेळ राहतात आणि कशात राहतात, यावर सगळं अवलंबून असतं.

त्यांच्या सोनोग्राफीत लघवी करून आल्यानंतरही मूत्राशयात ३५० मिली उरलेली दिसत होती. निरोगी माणसात ही उरलेली लघवी साधारण ५० मिलीच्या आत असते. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा मंदावतात. मग भरल्याची जाणीव उशिरा होते आणि आकुंचनाचा जोरही कमी पडतो. तळाशी शिळं पाणी ठेवून वरून ताजं ओतलेल्या कळशीसारखी गत होते. पूर्ण रिकामं केलं की थोडेसे जंतू लघवीबरोबर वाहून जातात. साचू दिलं की त्यांना वाढायला तासन् तास मिळतात. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. फार भरलेल्या मूत्राशयाची भिंत ताणली जाते, तिच्यातला रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंशी लढण्याची तिची ताकद कमी होते. मिशिगनचे युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. नळी शस्त्रक्रियेसारखी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी, पण मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आज घरी वापरली जाते ती पद्धत तिथूनच आली.

बाईंना मी व्याख्यान दिलं नाही. तीन दिवस मापाचं भांडं घेऊन वहीत लिहायला सांगितलं. शिक्षिका असल्यामुळे वही रेघा मारून, तक्ता आखून आली. सकाळी सहाला आपणहून १००, नळीने ५००. शाळेत थोडी थोडी मिळून १५०. संध्याकाळी सातला नळीने ६००. म्हणजे दिवसातून दोनदा मूत्राशयात ६०० मिली साचत होती. आपणहून झालेली आणि नळीने निघालेली, दोन्ही मिळून एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ नये, हा आमचा नियम. किती वेळा नळी घालायची ते या आकड्यावरून ठरतं. डॉक्टर «चार वेळा» लिहून देतात ती फक्त सुरुवात असते.

पाणी कमी पिण्यानेही नुकसानच होत होतं. लघवी गडद आणि थोडी झाली की जंतू बाहेर ढकलायला प्रवाहच उरत नाही. मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवं. गोव्याच्या उकाड्यात घाम किती जातो तेही धरा. फक्त रात्री आठनंतर हात आखडता घ्यावा.

मग चार वेळांचं नवीन वेळापत्रक केलं. सकाळी सहाला ४५०, दुपारी दीडला शाळेतून आल्यावर ५२०, संध्याकाळी सहाला ३००, झोपताना ३५०. दुपारचा आकडा खटकला. बाई म्हणाल्या, «ताई, शाळेच्या संडासात हे जमायचं नाही.» मी म्हटलं, तर मग सकाळचा चहा आणि पाणी मिळून पाऊण लिटर होतं ते कमी करावं लागेल, आणि ते मला पसंत नाही. शेवटी साडेदहाच्या मधल्या सुट्टीत एकदा करायचं ठरलं. तेव्हा ३०० निघू लागली आणि दीडला २५०. सगळे आकडे मर्यादेत आले.

आता हाताचं काम. मी त्यांना माझ्यासमोर करायला सांगितलं. सांगण्यातून चूक कळत नाही, पाहण्यातून कळते. हात साबणाने धुतले, ते ठीक. ग्लोव्हजची स्वतःला गरज नसते. कमोडच्या कडेला बसून पाय फाकवले, आरसा समोर ठेवला, योनीचे ओठ एका हाताने बाजूला करून साध्या पाण्याने पुढून मागे पुसलं, हेही ठीक. बायकांचं मूत्रद्वार योनीमार्गाच्या लगेच वर, बारीक खळगीसारखं असतं. नवशिक्यांची नळी हमखास योनीत जाते. लघवी येत नाही, मग तीच नळी काढून पुन्हा घालतात, आणि योनीतले जंतू मूत्रमार्गात जातात. त्यापेक्षा चुकलेली नळी तिथेच राहू द्यावी, तिच्यामुळे चुकीची वाट बंद होते, आणि दुसरी स्वच्छ नळी तिच्या वर घालावी. बाईंना आता आरसा लागत नाही, बोटाने कळतं. नळी १२ नंबरची, पाण्यात विरघळणाऱ्या जेलीत टोक बुडवलेली. घरात खोबरेल असतं म्हणून ते लावू नये, ते पाण्यात विरघळत नाही. आत जाणारा भाग बोटांनी धरायचा नाही, ही सर्वांत महत्त्वाची शिस्त.

बाईमाणसांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटरचाच असतो. लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवायची. बाईंची खरी चूक इथे सापडली. धार थांबली की त्या नळी झटकन काढत. पण धार थांबणं म्हणजे रिकामं होणं नव्हे. नळीच्या टोकाची भोकं कधी मूत्राशयाच्या भिंतीला टेकतात. मी त्यांना सांगितलं, नळी जरा फिरवा, पोटाखाली हलका हात दाबा, मग अगदी हळू ओढा, आणि पुन्हा धार आली तर तिथेच थांबा. त्या दिवशी अशी आणखी ८० मिली निघाली. त्यांनी भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, «एवढं रोज आत राहत होतं?» नळी अडली तर जोर करू नये. एक खोल श्वास घ्यावा, खोकावं, पुन्हा हळू प्रयत्न करावा. तरीही जात नसेल तर थांबावं आणि डॉक्टरांना फोन करावा.

दुसरी चूक साठवणुकीची. वापरलेली नळी बाई डेटॉलच्या पाण्यात डब्यात बुडवून ठेवत. डेटॉलचा अंश मूत्रमार्गाची आग करतो. दिवसभर उघडझाक होणाऱ्या डब्यातलं पाणी निर्जंतुक राहीलच अशी खात्रीही नसते. एकदाच वापरून टाकायची नळी चांगली, आणि परवडत असेल तर तीच घ्यावी. पण आपल्याकडे साध्या प्लास्टिकच्या नळ्या धुऊन वापरणारे पुष्कळ आहेत, आणि तसं करायचंच असेल तर नीट करावं. वापरल्याबरोबर आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवायची, सिरिंजने आतून पाणी सोडायचं, मग भरपूर साध्या पाण्याने साबण पूर्ण काढायचा, झटकायची आणि हवेशीर ठिकाणी टांगायची. कोरडी झाल्यावरच स्वच्छ पिशवीत. ओली नळी बंद डब्यात ठेवली की जंतू माजतात.

गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये मात्र काहीच सुकत नाही, हे मला वेगळं सांगायला नको. बाईंचे दोन्ही आजार त्याच दिवसांतले. म्हणून पावसाळ्यात त्यांच्या हाताशी पाच-सहा नळ्यांचा संच असतो. सिरिंजने आतून हवा मारतात, आणि नळी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पुन्हा घेत नाहीत. नळी कडक झाली, पांढरी पडली किंवा आत पापुद्रा दिसला की ती फेकतात. शाळेसाठी मात्र फक्त नवीन, पाकिटातली. सोबत छोटा साबण, जेली, बिनसुगंधी पुसणी, आणि वापरलेल्या नळीसाठी वेगळी पिशवी. सगळं एका कापडी पाऊचमध्ये, इतर बायका सॅनिटरी पॅडचं समजतात असं.

आता ती दोन इन्फेक्शनं. पहिलं जुलैतलं. थंडी वाजून ताप, पाठीच्या एका बाजूला दुखणं, साखर अचानक वाढलेली. ते खरं होतं आणि त्याला अँटिबायोटिक लागलंच. दुसरं चवथीच्या आधीचं. काहीच त्रास नव्हता, कुणीतरी म्हणालं म्हणून त्यांनी लघवी तपासली, कल्चरमध्ये जंतू वाढले, आणि त्या कागदावर सात दिवस औषध घेतलं. हे इन्फेक्शन नव्हतंच. नळी नियमित वापरणाऱ्या बहुतेकांच्या लघवीत जंतू सापडतात. त्रास नसताना त्यांना औषध दिलं की ते जंतू काही काळ हटतात, पण परत येतात ते त्या औषधाला न जुमानणारे. त्यामुळे मी म्हणते, त्रास नसेल तर तपासणीच करू नका. अपवाद आहेत. गर्भारपण, किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर डॉक्टर तपासायला सांगतील.

मग ओळखायचं कसं? नुसता वास किंवा गढूळपणा असेल तर पाणी वाढवा, एक वेळ जास्त नळी घाला आणि एक-दोन दिवस बघा. पण ताप, थंडी, पाठीत दुखणं, नव्याने सुरू झालेली जळजळ, मधेच लघवी गळणं किंवा रक्त दिसत असेल, तर डॉक्टर. ताप-थंडी असेल तर त्याच दिवशी, उद्यावर न टाकता. नमुना औषध सुरू करण्यापूर्वी आणि नवीन नळीतून घ्यायला सांगा, म्हणजे अहवाल खरा येतो. सुरुवातीच्या दिवसांत जेलीवर एखादा लाल ठिपका दिसला तर घाबरू नका. गाठी पडत असतील किंवा रोज रक्त येत असेल तर मात्र तपासून घ्या.

बद्धकोष्ठ हा शेवटचा मुद्दा, आणि तो कुणीच विचारत नाही. भरलेला गुदमार्ग मूत्राशयाला पुढे ढकलतो, नळी अडते आणि उरणारी लघवी वाढते. बाईंच्या वहीत ज्या दिवशी पोट साफ नव्हतं, त्या दिवशी आकडे वेडेवाकडे होते. आता त्या दर तीन महिन्यांनी एक दिवस मोजमाप लिहितात. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन होतं. आपणहून लघवी झाल्यावर नळीने सतत १०० मिलीपेक्षा कमी निघायला लागली, तर वेळा कमी करण्याचं डॉक्टरांशी बोलता येईल. अजून तसं झालेलं नाही.

गेल्या खेपेला त्या आल्या त्या निवडणूक ड्युटीची ऑर्डर घेऊन. मतदानकेंद्रावर पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणं होतं, आणि त्यांनी विचारलं, «त्या दिवशी पाणी बंद करू का?» मी म्हटलं, नाही, पाणी थोडं थोडं चालू ठेवा, नव्या नळ्या सहा घ्या आणि पाच तासांच्या वर ओढू नका. केंद्रप्रमुखांना कारण न सांगता एवढंच सांगा की दर चार-पाच तासांनी दहा मिनिटं उठावं लागेल. केंद्र शाळेतच असतं, तेव्हा नळ चालू आहे का ते आदल्या दिवशी पाहून घ्या.