सांगलीच्या मे महिन्यात बीजीएमआय: ६० फ्रेम की ४०?

*प्रश्न: सांगलीत राहतो. फोन १२० हर्ट्झचा, बॅटरी ५००० एमएएच. बीजीएमआय Smooth + Extreme वर खेळतो. पहिली मॅच लोण्यासारखी जाते, दुसऱ्या मॅचपासून फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो. बॅटरीपण झरझर उतरते. फ्रेम रेट आणि ग्राफिक्स नक्की किती ठेवू?*

ग्राफिक्स Smooth च राहू द्या, फ्रेम रेट Extreme वरून Ultra वर आणा. म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी ४० फ्रेम. थंडीत पुन्हा Extreme लावा. एक सांगतो, सेटिंगमध्ये वरच्या ओळीत Ultra HD असतं आणि खालच्या ओळीत Ultra असतं. मी खालच्या ओळीबद्दल बोलतोय. वरचं लावून 'आणखीच तापतोय' म्हणत येणारी पोरं बघितलीत.

माझं विश्रामबागेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ही तक्रार एप्रिल लागला की रोजची. तुमच्या प्रश्नातच निदान आहे. फोनला गेम झेपत नसता तर पहिल्या मिनिटापासून अडकला असता. पहिली मॅच नीट जाऊन दुसरी बिघडते याचा अर्थ प्रोसेसरमध्ये ताकद आहे, पण ती ताकद वापरताना तयार होणारी उष्णता फोनला बाहेर टाकता येत नाहीये. मग फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग खाली ओढतो, कधी स्क्रीनचा उजेडही कमी करतो. थोडा निवला की वेग परत वर, तापला की परत खाली. हे वरखाली होणं म्हणजेच तुमचं अडकणं.

आता उन्हाळ्याचा हिशोब बघा. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता मागच्या पॅनेलमधून हवेत जाते, आणि ती किती जाणार हे पॅनेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पॅनेल ४३ अंशांवर गेलं की फोन हात आखडता घेतो असं धरू. डिसेंबरच्या संध्याकाळी खोलीत २५ अंश असतील तर फरक १८ अंशांचा. मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ३७ असतील तर फरक फक्त ६. म्हणजे फोन तोच, गेम तोच, पण उष्णता बाहेर टाकायची ऐपत ढोबळमानाने एक तृतीयांश. त्यामुळे एसीत बसून 'बेस्ट सेटिंग' सांगणाऱ्याचं किंवा महाबळेश्वरातल्या मित्राचं सेटिंग जसंच्या तसं उचलू नका.

ग्राफिक्स आणि फ्रेम रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राफिक्स वाढवलं की एकेक फ्रेम रंगवायला ग्राफिक्स चिपला जास्त काम पडतं: सावल्या, गवत, प्रकाश. फ्रेम रेट वाढवला की ते काम सेकंदाला जास्त वेळा करावं लागतं, आणि ग्राफिक्स चिपबरोबर मुख्य प्रोसेसरही राबतो. तुम्ही Smooth वर आहात, तिथे कापायला आता फारसं उरलेलं नाही. उरतो तो फ्रेम रेट. तो उतरवला की चिपला कमी वेग पुरतो, कमी वेगाला कमी व्होल्टेज लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. म्हणून चिपचा खर्च कामापेक्षा जास्त प्रमाणात उतरतो. स्क्रीन आणि नेटवर्कचा खर्च मात्र तसाच राहतो.

गेल्या उन्हाळ्यात एका हॉस्टेलवरच्या मुलाचा तुमच्यासारखाच फोन दुकानात लावून बघितला. दुपारची वेळ, पंखा चालू, उजेड दोन्ही वेळा सारखा. ६० वर अर्ध्या तासात बॅटरी १३ टक्के उतरली. ५००० एमएएचचे १३ टक्के म्हणजे ६५० एमएएच, त्याला ३.८५ व्होल्टने गुणलं की अडीच वॉट-तास. अर्ध्या तासात अडीच, म्हणजे फोन ५ वॉट खात होता. शेवटच्या दहा मिनिटांत फ्रेम ३८ ते ५५ मध्ये नाचत होत्या. फोन पूर्ण निवू दिला आणि ४० वर तेवढाच वेळ खेळलो: ९ टक्के, म्हणजे साधारण साडेतीन वॉट, आणि फ्रेमचा आकडा ४० ला चिकटून. डोळ्याला दुसरा खेळ जास्त सुरळीत वाटला. हात आणि डोळा एका लयीला सरावतात, ती लय सतत बदलली की निशाणा चुकतो.

तुम्ही हेच घरी करा. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असताना सुरू करा, कारण १०० चा आकडा पुष्कळदा बराच वेळ हलत नाही. फ्रेमचा आकडा फोनच्या गेम मोडमध्ये दिसतो. यूएसबी डीबगिंग चालू ठेवून खेळ संपताच लॅपटॉप जोडलात तर बॅटरीचं तापमानही कळतं, पण खेळताना जोडू नका, नाहीतर फोन चार्ज होत राहतो आणि आकडे चुकतात:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 412` दिसलं तर ४१.२ अंश. फ्रेमचे पहिल्या पाच मिनिटांतले आकडे सोडून द्या, विसाव्या मिनिटानंतरचे बघा. ट्रेनिंग ग्राउंडवर मोजू नका, खरी मॅच खेळा.

आता ४० चा सल्ला मी बेधडक का दिला? तुमची स्क्रीन १२० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला १२० ठोक्यांनी चित्र ताजं करते, म्हणून. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम बरोबर तीन ठोके टिकते, २५ मिलीसेकंद. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर तसं होत नाही. तिथे एक फ्रेम एक ठोका टिकते, पुढची दोन, म्हणजे १७ मिलीसेकंद, मग ३३, मग परत १७. आकडा ४० दाखवतो पण कॅमेरा फिरवला की चित्र लंगडतं. अशा फोनवर ३० किंवा ६० च बरे.

इथेच एक खोड आहे. काही फोन गेम सुरू झाला की बॅटरी वाचवायला स्क्रीन गुपचूप ६० वर आणतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Show refresh rate` चालू करून गेममध्ये जा. कोपऱ्यात दिसणारा आकडा स्क्रीनचा असतो, गेमच्या फ्रेमचा नाही, ही गल्लत बरेच जण करतात. तो ६० दिसला तर डिस्प्ले सेटिंगमध्ये १२० पक्का करून बघा. त्याने थोडी बॅटरी जाईल, पण ६० वरून ४० वर येऊन जे वाचतं त्यातून ते भागतं. तरीही ६० वरच अडला, तर ४० चा नाद सोडा. दुपारी ३० आणि रात्री हवा उतरल्यावर ६० असं खेळा.

जाड रबरी कव्हर खेळताना काढा, उजेड निम्म्यावर आणा. फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. चार्जिंगला लावून खेळणं उन्हाळ्यात तरी टाळाच, कारण चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते आणि ती उष्णता त्याच पॅनेलमधून जायची असते. फोनमध्ये बायपास चार्जिंग असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला मिळते. आणि मागचं पॅनेल एखाद्या कडेने उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. मग सेटिंग बघत बसू नका, फोन बंद करून आधी ती बदलून घ्या.