मॅक फिल्टर चालू असलेल्या राऊटरला नवीन प्रिंटर कसा जोडायचा?

प्रश्न: नवीन प्रिंटर वायफायला जोडतच नाहीये. पासवर्ड बरोबर आहे, मोबाईल-लॅपटॉप सगळं नीट चालतंय. राऊटरला मॅक फिल्टर लावलाय, त्यामुळे असेल का? काय करू?

उत्तर: बहुतेक त्यामुळेच. आधी खात्री करून घ्या, फिल्टर दोन मिनिटं बंद करा आणि प्रिंटर परत जोडून बघा. जोडला तर दोष फिल्टरचाच, आणि नाही जोडला तर प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवाला असून तुम्ही त्याला 5 च्या नेटवर्कवर जोडताय का ते बघा, कारण घरचे बरेच प्रिंटर 5 ला चालतच नाहीत.

आता फिल्टरच असेल तर प्रिंटरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, फिल्टरच्या यादीत टाकायचा, पण लोक नेमके इथेच अडकतात. लॅन पोर्ट असलेल्या प्रिंटरला दोन मॅक असतात, एक केबलचा आणि एक वायफायचा, आणि वायफाय डायरेक्ट असेल तर कधीकधी तिसराही. शेजारच्या काकांनी मागच्या स्टिकरवरचा टाकला होता, तो निघाला केबलचा. त्याच्या शेवटी 5E होतं आणि वायफायचा होता 5F, बाकी सगळं सेम, त्यामुळे यादीत बघून कुणालाच चूक दिसेना. म्हणून स्टिकरवर जाऊ नका, प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क सेटिंगचा रिपोर्ट छापा, त्यासाठी वायफाय लागत नाही, आणि त्यात Wireless खाली जो मॅक असेल तोच घ्या. किंवा याहून सोपं म्हणजे फिल्टर बंद असताना प्रिंटर जोडला गेला की राऊटरच्या DHCP यादीत, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, त्याचा मॅक दिसतो, तिथूनच कॉपी करा, टायपिंगची भानगडच नाही. हाताने टाकलात तर एवढं लक्षात ठेवा की त्यात 0 ते 9 आणि A ते F एवढंच असतं, म्हणजे O दिसला तर तो शून्यच, आणि 8 आणि B मात्र नीट बघा.

मग ब्राऊझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 (राऊटरच्या खाली लिहिलेलं असतं), Wireless मध्ये MAC Filter, तिथे मॅक टाकून Save. मोड Allow आहे का Deny ते बघून घ्या, Deny असेल तर यादीतल्यांनाच बंदी असते, मग तिथे प्रिंटर टाकायचाच नाही! काही राऊटरमध्ये 2.4 आणि 5 च्या याद्या वेगळ्या असतात, प्रिंटर 2.4 च्या यादीत हवा. हे सगळं शक्यतो लॅन केबल लावलेल्या लॅपटॉपवरून करा, कारण Allow मध्ये चुकून स्वतःचा लॅपटॉप यादीतून उडाला तर वायफायवरून परत आत जाता येत नाही, केबलवर सहसा हा फिल्टर लागत नाही.

झालं की फिल्टर परत चालू करा आणि प्रिंटर बंद करून चालू करा, आधीच जोडलेला राहिलेला असला तर फिल्टर त्याला खरंच आत घेतोय का ते कळणार नाही. तरीही नाही जोडला तर रिपोर्टमधला मॅक आणि यादीतला मॅक शेजारी ठेवून एकेक जोडी वाचा.