सेमिस्टरच्या नोट्स नोशनमध्ये टाकल्यात. टॉपिक, रिव्हिजन स्टेटस आणि नेक्स्ट रिव्ह्यू डेट लावून डेटाबेस कसा करायचा? कुठली टेम्प्लेट चांगली?

टेम्प्लेटचं नंतर बघू. आधी स्टेटसवर बोलतो, कारण त्या एका कॉलमवरून राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत माझं आणि रूम पार्टनरचं अख्खं सेमिस्टर वाजलं होतं.

दोघंही सिव्हिलचे, पेपर सॉइल मेकॅनिक्सचा. पार्टनरनं नोशनची तयार `Status` प्रॉपर्टी घेतली. त्यात मुळातच `Not started`, `In progress` आणि `Done` असे पर्याय येतात. लाइट बिल भरायचं असेल तर ठीक आहे, भरलं की विषय संपला. परमिॲबिलिटी एकदा वाचली म्हणून ती `Done` कशी होईल? पण त्यानं वर फिल्टरही लावला, `Done` सोडून बाकीचं दाखव. झालं, गणपतीच्या आधी वाचलेली पानं दिवाळीपर्यंत त्याच्या नजरेलाच पडली नाहीत. डॅशबोर्ड मात्र हिरवागार. कव्हरला रंकाळ्याचा फोटो, प्रत्येक युनिटला आयकॉन. आल्यागेल्या पोरांना कौतुकानं दाखवायचा.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी त्याला साधं विचारलं, चिकणमातीची परमिॲबिलिटी कुठल्या टेस्टनं काढाल? गडी म्हणाला कॉन्स्टंट हेड. सर म्हणाले, मग जारमध्ये पाणी किती जमेल? तिथं पुढचं सगळं थांबलं. चिकणमातीतून पाणी इतकं हळू झिरपतं की जमा झालेलं पाणी धड मोजताच येत नाही, म्हणून तिला फॉलिंग हेड, आणि वाळूला कॉन्स्टंट हेड. हे त्याला ऑगस्टमध्ये येत होतं, मी स्वतः ऐकलं होतं. तो अजूनही म्हणतो की एक्स्टर्नल खडूस होते. मी म्हणतो, कॉलम चुकीचा होता.

त्यामुळं माझं सरळ मत असं की रिव्हिजनच्या डेटाबेसमध्ये `Done` हा पर्यायच नको. `Status` ऐवजी साधी `Select` प्रॉपर्टी घ्या आणि तीन पर्याय ठेवा: कच्चं, अडखळतं, पक्कं. किती वाचून झालं हे तिथं लिहायचं नाही, पान न बघता किती आलं ते लिहायचं. म्हणजे कोऱ्या कागदावर उत्तर लिहायचं, मग पान उघडून ताडून बघायचं आणि मगच पर्याय निवडायचा. नुसतं परत परत वाचलं की सगळंच ओळखीचं वाटतं आणि पोरं बिनधास्त ‘पक्कं’ लावून मोकळी होतात.

हे जमायचं तर एक ओळ म्हणजे एक लेक्चर असं करू नका. १४ तारखेच्या लेक्चरमध्ये डार्सीचा नियम, दोन्ही टेस्ट आणि थरांच्या मातीची सरासरी परमिॲबिलिटी असं सगळं आलं असेल, तर त्या पानाला एक स्टेटस लावणार कसं? डार्सी पक्का असतो आणि थर कच्चे असतात. त्या एका पानाच्या तीन ओळी करा आणि प्रत्येकीचं नाव प्रश्न म्हणून लिहा, उदाहरणार्थ ‘कॉन्स्टंट हेड कधी, फॉलिंग हेड कधी, का?’ उत्तर पानात टॉगलखाली झाकून ठेवा, म्हणजे पान उघडल्या उघडल्या डोळ्यासमोर येणार नाही. टॉपिकच्या कॉलममध्ये सिलॅबसच्या युनिटचं नाव टाका, तेही `Select` मधूनच. मात्र तिथं दर वेळी टाइप करू नका, यादीतून निवडा. स्पेलिंग जरा चुकलं की नोशन गुपचूप नवा पर्याय बनवतं आणि एकाच युनिटचे दोन तुकडे होतात.

आता तारीख. पार्टनर ती हातानं भरायचा आणि कॅलेंडर व्ह्यूमध्ये बघायचा. अभ्यास झाला नाही की कार्ड उचलून उद्यावर ओढायचा, उद्या परवावर. माझी तारीख फॉर्म्युल्यानं निघत होती आणि फॉर्म्युल्याची तारीख ओढता येत नाही. यावरही भांडण झालं होतं. ‘मनावर कंट्रोल पाहिजे, फॉर्म्युला कशाला?’ हे त्याचं वाक्य. असू दे.

`Last` नावाची एक `Date` प्रॉपर्टी घ्या, त्यात शेवटची उजळणी कधी केली ते भरा. तीन पर्यायांच्या कॉलमला `Revision` नाव द्या. मग `Next` नावाची `Formula` प्रॉपर्टी करून त्यात हे टाका:

```
if(empty(prop("Last")), today(),
  dateAdd(prop("Last"),
    ifs(prop("Revision") == "पक्कं", 21,
        prop("Revision") == "अडखळतं", 7,
        2), "days"))
```

म्हणजे ५ सप्टेंबरला फॉलिंग हेडवर अडखळलात तर ते १२ ला परत समोर येणार. त्या दिवशी नीट आलं आणि ‘पक्कं’ लावलं तर ३ ऑक्टोबरला. ३ ला पार विसरलेलं निघालं तर ‘कच्चं’ लावा, ५ ला पुन्हा हजर. २, ७, २१ हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. परीक्षा महिन्यावर आली की २१ चे १० करा, ‘पक्कं’ लावलेल्या सगळ्या ओळींच्या तारखा एका फटक्यात अलीकडे येतात. हातानं भरलेल्या तारखांचं असं करायला बसलात तर रात्र जाईल.

सुरुवातीचा `empty` चा तुकडा काढू नका. आजचा व्ह्यू करताना आपण `Next` वर `Is on or before` आणि `Today` असा फिल्टर लावतो. तारीखच रिकामी असेल तर ती ओळ या फिल्टरमध्ये येतच नाही. म्हणजे ज्या टॉपिकला तुम्ही हातही लावला नाही तोच नेमका दडून बसतो आणि यादी छान आटोपशीर दिसते. आकडा फारच कमी दिसला की फिल्टर काढून एकूण ओळी मोजून बघा.

`Last` भरायचा कंटाळा येतो म्हणून काही जण तिथं `Last edited time` वापरतात. ते नको. पानातली एक मात्रा सुधारली तरी ती वेळ बदलते आणि नोशन समजतं उजळणी झाली. त्यापेक्षा `Button` प्रॉपर्टी घेऊन ती दाबल्यावर `Last` मध्ये आजची तारीख बसेल असं करा.

चार दिवस गॅप पडला, आणि गणपतीत पडतोच, की आजच्या यादीत ढीग साचतो. तेव्हा सॉर्ट आधी `Revision` वर लावा, कच्चं सगळ्यात वर, मग `Next` वर. वरचे आठ-दहा करायचे आणि लॅपटॉप बंद. सगळा ढीग एका रात्रीत उपसायला गेलं की माणूस न लिहिताच ‘पक्कं’ लावत सुटतो.

दोन अडचणी सांगायच्या राहिल्या. फॉर्म्युल्याच्या तारखेवर रिमाइंडर लागत नाही, त्यामुळं व्ह्यू रोज आपणच उघडायचा. आणि न्यूमेरिकल्सना या डेटाबेसचा फारसा उपयोग नाही. कन्सॉलिडेशनची सेटलमेंट सोडवायची तर वहीच लागते, इथं फार तर कुठल्या प्रकारचं गणित चुकतंय एवढी नोंद होते. वहीचे फोटो टाकणार असाल तर फ्री प्लॅनमध्ये एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे, आधी साइज कमी करून घ्या. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर हे काहीच करत बसू नका, झेरॉक्स घ्या आणि लिहायला लागा.

टेम्प्लेट म्हणाल तर कोरं टेबल घ्या. तयार टेम्प्लेटमध्ये बहुतेक ठिकाणी `Status` मध्ये `Done` असतंच. पार्टनरनं त्याची ती हिरवी टेम्प्लेट पुढं ज्युनिअरांना वाटली म्हणे, तुमच्याकडं तीच आली असेल तर निदान तो फिल्टर तरी आधी काढा.